अकरावी स्लाइड

कापडे गावच्या काकांची छाती ज्या कागदामुळे गेली, तो कागद आठ दिवस माझ्या उशाखाली होता. त्यावर सगळ्या मिळून पाच ओळी होत्या. त्या पाच ओळींचा अर्थ मला लागला असता तर काका आणखी वीस वर्षं डोंगर चढले असते. हे मी कुणाला पटवून देण्यासाठी लिहीत नाही. मला ते पटलेलं आहे, म्हणून लिहितो.

मी परभणीकडचा. आठवी अर्ध्यात सोडली आणि पाच-सहा वर्षं मिळेल ते काम करत, माणसामागं माणूस धरत महाडच्या औद्योगिक वसाहतीत येऊन पडलो. तेव्हा तिथं नवीन नवीन कारखाने उभे राहत होते. आमच्या कारखान्यात मी आधी ड्रम लोटायला होतो. तिथं पहिल्या आठवड्यात मला ताप आला, तेव्हा पाणी विचारणारा एकच माणूस निघाला, तो हे काका. मुंबईतली त्यांची गिरणी बंद पडली म्हणून ते गावी परत आले होते आणि माझ्याच बरोबरीनं ड्रम लोटत होते. वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांनी मला पोलादपूरच्या पुढं कापड्याला आपल्या घरी नेलं. घर गावापासून वर, वाडीत. "पडवी रिकामीच हाय, रे. मुंबईत असतास तर खाट भाड्यानं घेतली असतीस. हितं नुसता पड." असं म्हणाले, आणि मी तीन वर्षं त्या पडवीत पडलो. काकी मला भाकरी वाढताना कधी मोजून वाढली नाही. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की मी त्या घराचं खाल्लेलं होतं.

कारखान्यात नवीन विभाग सुरू व्हायचा होता. तिथं तीव्र नायट्रिक आम्ल वापरून माल बनणार होता. जुन्या माणसांतून वीस-बावीस जण निवडून त्यांना ऑपरेटर करणार, असं ठरलं. आधी शिकवणार, मग तोंडी परीक्षा. पास झाला तो नव्या विभागात, नापास झाला तो परत ड्रमच्या यार्डात. काकांची कंबर यार्डात गेली होती. सकाळी पायजम्याची नाडी बांधायला त्यांना भिंतीला टेकावं लागायचं. त्यामुळं ही परीक्षा त्यांच्यासाठी काय होती, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. 

शिकवायला मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आले. कँटीनमध्ये टेबलं सरकवली, खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला आणि भिंतीवर चादर बांधली. साहेबांबरोबर एक यंत्र होतं. त्याच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवला की कागदावरचं हातानं लिहिलेलं भिंतीवर हातभर अक्षरांत उमटायचं. आम्ही त्या कागदांनाच स्लाइड म्हणायला लागलो. सकाळी पहिल्या पाळीला शिकवायचं आणि दुपारी दुसऱ्या पाळीला, असा बेत होता. काका पहिल्या पाळीत होते, मी दुसऱ्या.

बारा स्लाइड होत्या. दहा झाल्या तेव्हा ऑफिसात साहेबांना मुंबईहून ट्रंक कॉल आला. त्यांच्या घरी कुणाचं तरी जास्त झालं होतं. साहेब तसेच जीपमध्ये बसून गेले. माणूस वाईट नव्हता. जाताना स्लाइडचा गठ्ठा आमच्या शिफ्ट इनचार्जच्या हातात देऊन म्हणाला, यांच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना द्या, सगळं यात आहे.

सगळं त्यात नव्हतं. त्यात होतं ते साहेबाला बोलताना आठवण राहावी म्हणून लिहिलेलं. बाकीचं साहेबाच्या तोंडात होतं, आणि साहेब पनवेलच्या वाटेनं मुंबईकडे निघून गेले होते.

दुसऱ्या पाळीच्या आम्हाला गावातून काढून आणलेल्या झेरॉक्स मिळाल्या. इनचार्ज म्हणाले, आठ दिवसांनी परीक्षा. पुढं हेही म्हणाले, की पहिल्या पाळीला सगळं समजावून झालेलं आहे, तेच तेच विचारायला माझ्याकडे यायचं नाही, जो येईल त्याचं लक्ष नव्हतं असं मी धरीन. मी मान हलवली. मला कंपनीनं ड्रमवरून उचलून यंत्रावर बसवायचं ठरवलं होतं, ते माझ्यासाठी फार मोठं होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून मी त्या काळात वाटेल त्याला मान हलवत होतो.

घरी येऊन पडवीत कागद पसरले. इंग्रजी अक्षर मला लावता यायचं, सावकाश. पण यात शब्द नव्हतेच, शब्दांची डोकी होती. एन.एम.टी. दहा. एजिट. ऑन. एक्सो. सी.एच.डब्ल्यू. इन, आउट. मध्येच बाण, मध्येच चौकट. मी कपाळाला हात लावून बसलो. काका हात धुऊन आले, त्यांनी कागदाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हां, ही बघ, ही चौथी. ह्याच्यात खाली चौकट होती."

काका चौथीपर्यंत शिकलेले, मराठी. इंग्रजी त्यांना डब्यावरचंही येत नव्हतं. पण त्यांनी साहेबाला ऐकलं होतं, आणि त्यांच्या कानात गेलेलं बाहेर पडत नव्हतं. गिरणीत खात्यातल्या आवाजावरून कुठला माग बिघडला ते सांगणारा माणूस. मग आमची तऱ्हा अशी पडली. मी कागद धरायचा, चौकट कुठं, बाण कुठं ते सांगायचं. काका डोळे मिटून त्या स्लाइडला साहेब काय बोलले ते आठवायचे. माझ्याकडं लिहिलेलं होतं, त्यांच्याकडं बोललेलं. दोन्ही जुळलं की मी वहीत मराठीत उतरवायचो.

"एन.एम.टी. दहा," मी म्हणायचो.

"दहा... दहा... हां. दहाच्या वर पारा जाऊ द्यायचा नाय. खाली गेला तर बोंब नाय, वर गेला तर बोंब."

म्हणजे एन.एम.टी. म्हणजे याहून जास्त नको. एक्सो म्हणजे आम्ल सोडलं की आतला माल आपोआप तापतो. ते काकांनी असं सांगितलं, "साहेब बोलला, बाहेरनं आग लावायला नको, त्याला आपलाच ताप चढतो. तो उतरवायला भोवती थंड पाणी." ते थंड पाणी म्हणजे सी.एच.डब्ल्यू. एजिट. म्हणजे ढवळणी. ढवळणी बंद तर आम्ल बंद, हे साहेबानं तीनदा सांगितलं होतं म्हणे. एका स्लाइडवर एम.एल. होतं. मी ते औषधाच्या बाटलीवरचं माप धरून बसलो होतो आणि आकडा कुठं गेला ते शोधत होतो. काका हसले. "माप कसलं, येड्या. माल गाळून खाली जे पाणी राहतं ते. साहेब बोलला, ते गटारात सोडाल तर माझा अर्धा माल गटारात."

चार दिवसांत दहा स्लाइड झाल्या. माझी वही पाळीतले दुसरे लोक मागून न्यायला लागले. काकांना कोण मान. बसमध्ये पोरं त्यांना प्रोफेसर म्हणायला लागली. काकाही तोऱ्यात, "फी आणली काय, रे?" म्हणून विचारायचे. त्या चार दिवसांत मी जितका सुखात होतो तितका त्या घरात नंतर कधी नव्हतो.

मग अकरावी आली. मी चौकट सांगितली, बाण सांगितले. काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "ही नाय रे ऐकली. दहा झाल्या आनि साहेबाला बोलावनं आलं."

बारावीवर नुसती हेल्मेट, हातमोजे, चष्मा अशी चित्रं होती. ती आपोआप कळली. अकरावीवर चित्र नव्हतं. वर होतं एन.ओ. आणि बारीक एक्स, पुढं एक्स्प. त्याखाली असिम्प. मग बाण. बाणापुढं पी.ई., आणि सहा ते चोवीस एच. त्याखाली ओ.बी.एस. चोवीस एच. सगळ्यात खाली एक्सर. निल. एवढंच. हे पाच तुकडे मला आजही झोपेत म्हणता येतील.

पहिल्या पाळीतल्या इतरांना विचारलं. त्यांनीही ऐकलेली नव्हती, कारण ती बोललीच गेली नव्हती. त्यांचं म्हणणं, जे शिकवलं नाही ते विचारतील कशाला, सोडून दे. प्रयोगशाळेत महाडमधल्या बौद्धवाडीतल्या एक ताई होत्या. बी. एस्सी. झालेल्या, आणि आमच्याशी नीट बोलणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, पहिला तो वायू आहे, नायट्रिक कशावर सांडलं की तांबडा धूर निघतो तो. एच. म्हणजे तास. बाकीचं त्यांच्या विषयातलं नव्हतं.

"हे डॉक्टरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी कंपनीचे डॉक्टर येतात ना, त्यांना विचारा. माझ्या अंदाजानं लिहू नका, भाऊ. मला नक्की नाही माहीत."

गुरुवारी मी रांगेत उभा राहिलो. डॉक्टर पाळीच्या लोकांचं वजन आणि रक्तदाब बघत होते. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून आमचे इनचार्ज बसले होते, गप्पा मारत. माझ्या पुढं तीन माणसं उरली तेव्हा मी तो कागद घडी करून खिशात घातला. माझी पाळी आली. वजन झालं, दाब झाला. डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? मी म्हणालो, नाही साहेब.

एवढीच ती गोष्ट. एखाद्या मिनिटाची.

संध्याकाळी पडवीत मी आणि काकांनी मिळून त्या स्लाइडचा अर्थ लावला. वायू कळलेला होता. तास कळलेले होते. मधलं जे कळत नव्हतं ते आम्ही आमच्या अकलेनं भरलं. धूर निघाला तर तो विभागात सहा ते चोवीस तास राहतो, तोवर तिथं थांबायचं नाही, लांब जायचं. काकांना ते पटलं. गिरणीत एकदा कसली तरी वाफ भरली होती, तेव्हा खातं दिवसभर बंद ठेवलं होतं, असं त्यांना आठवलं. ते आठवलं म्हणून अर्थ आणखीच खरा वाटला. मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं. बाकी वही शाईची होती, तेवढंच पेन्सिलीनं, कारण माझ्या मनाला ते खात होतं. पण वही ज्यांनी उतरवून घेतली त्यांनी सगळं शाईतच उतरवलं.

परीक्षा झाली. काकांना ढवळणी आणि आम्ल विचारलं, त्यांनी साहेबाचाच सूर लावून सांगितलं. पास. मीही पास. अकराव्या स्लाइडवर कुणालाच प्रश्न आला नाही. काकीनं त्या दिवशी तांदळाची खीर केली.

मार्च महिन्यातली गोष्ट असेल. वाड्यांतून पेरणीआधी शेतात फांद्या-पाचोळा जाळायला, म्हणजे राब भाजायला सुरुवात झाली होती, डोंगरभर धूर. मी आणि काका तेव्हा एकाच पाळीत होतो, सकाळच्या. अकराच्या सुमारास आम्लाच्या पाइपचा एक जोड गळायला लागला. खाली कुणी तरी लाकडी फळ्या आणि लोखंडाचा कीस टाकून ठेवला होता. आम्ल त्यावर पडलं आणि तांबडा धूर उठला. वीटकरी रंगाचा, जमिनीलगत सरकणारा. आम्ही सगळे बाहेर पळालो. वळून पाहिलं तर काका मागं नव्हते. त्यांनी ओला पंचा नाकाला लावला होता आणि ते वरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करत होते. तो नीट फिरत नव्हता. मग पाण्याचा पाइप घेऊन त्यांनी फळ्यांवर मारा केला. चार-पाच मिनिटं असतील. ओल्या फडक्यानं तो वायू अडत नाही, हे मला पुढं कळलं.

बाहेर आले तेव्हा खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. आमच्याकडं वायू लागला की माणसाला गूळ आणि दूध द्यायची पद्धत होती. सगळ्याच कारखान्यांत होती. कँटीनमधून पेलाभर दूध आणि गुळाचा खडा आला. काका पायरीवर बसले, दूध प्यायले. दहा मिनिटांत खोकला थांबला. इनचार्ज धावत आले, त्यांनी पाठ थोपटली, म्हणाले, मोठा घोळ वाचवलात. विचारलं, कसं वाटतंय? काका म्हणाले, एकदम ओके साहेब, घसा जरा कडू झालाय.

खरंच त्यांना काही होत नव्हतं. चेहरा टवटवीत होता. एका पोरानं विचारलं, प्रोफेसर, वर जाऊन आलात काय? काका म्हणाले, "वर जागा नाय रे, तुझ्या सासऱ्यानं अडवलीय."

इनचार्जनी त्यांना सुट्टी दिली. मला म्हणाले, तूही जा बरोबर. त्यांनी ते भल्यासाठीच केलं. आणि काकांनी माझ्याकडं बघून मान हलवली. लांब जायचं, असं आपणच वहीत लिहिलंय, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, आपला अभ्यास कामाला आला.

महाडला आलो, तिथून पोलादपूर, पोलादपुरात तासभर दुसऱ्या एसटीची वाट बघितली. काकांनी भजी घेतली. कापड्याला उतरलो तेव्हा अडीच वाजले असतील. वाडीपर्यंतची चढण आम्ही नेहमीच्याच चालीनं चढलो. अर्ध्यात काका थांबले, म्हणाले, ऊन लागतंय. मी म्हणालो, बसू या. ते म्हणाले, घर आलंच की. वाटेत एका ओळखीच्या माणसानं राबासाठी कवळाचा, तोडलेल्या फांद्यांचा, भारा उचलायला हाक मारली, तर काकांनी एक हात दिला. मी बघत होतो. 

साडेचार-पाचला खोकला परत सुरू झाला. काकी म्हणाली, राबाचा धूर गेलाय घशात, आणि तिनं गवती चहा ठेवला. काका अंगणात आडवे झाले आणि लगेच उठून बसले. आडवं पडवत नव्हतं. मग श्वास वाजायला लागला. जवळ बसलं की ऐकू यायचं, पाण्यात हवा फुटते तसं. ओठ जांभळे व्हायला लागले होते. खोकून त्यांनी अंगणाच्या कडेला थुंकी टाकली. तिला फेस होता आणि फेसाला गुलाबी रंग होता.

मी ती थुंकी बघत उभा होतो आणि माझ्या डोक्यात आकडा आला. सहा. अकराला धूर, आता पाच. सहा ते चोवीस. ते तास धुराचे नव्हते. ते माणसाचे होते.

मला बाकी अजून काही कळलेलं नव्हतं, पी.ई. काय ते माहीत नव्हतं. पण तो आकडा कुणाचा आहे ते कळलं. मी पडवीत जाऊन कागद काढला आणि खिशात कोंबला. वाडीतल्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. काका झोळीत झोपायला तयार होईनात. झोपलं की बुडल्यासारखं होतंय म्हणत होते. शेवटी खुर्चीला बांबू बांधून, बसवून खाली आणलं. टेम्पो मिळाला. पोलादपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन नव्हता, त्यांनी महाडला न्यायला सांगितलं. टेम्पोत काका माझ्या खांद्याला पाठ टेकून बसले होते. बोलणं बंद झालं होतं. त्यांची पाठ माझ्या खांद्यावर वरखाली होत होती, आणि मी ती मोजत होतो.

महाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. कुठला वायू? मला नाव उच्चारता येईना. मी कागद पुढं केला.

त्यांनी तो दिव्याखाली धरला. एकदा वाचला. आमचे आठ दिवस ज्यात गेले, ते त्यांना एका नजरेत कळलं.

"हा कागद तुमच्याकडं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, महिना झाला.

ते तसेच आत गेले. काकांना ऑक्सिजन लावला, सुई दिली. नंतर बाहेर येऊन त्यांनी मला बाकावर बसवलं आणि एकेक तुकडा सांगितला. रागावून नाही. मला रागावले असते तर बरं झालं असतं. एक्स्प. म्हणजे वायूशी संबंध येणं. असिम्प. म्हणजे सुरुवातीला काही लक्षण दिसत नाही, माणूस ठणठणीत वाटतो. बाण म्हणजे नंतर. पी.ई. म्हणजे फुप्फुसात पाणी भरतं, आणि ते सहा ते चोवीस तासांनी. ओ.बी.एस. म्हणजे देखरेख, म्हणून एक दिवस दवाखान्यात ठेवायचं, कितीही बरा दिसला तरी. एक्सर. निल म्हणजे श्रम अजिबात नाहीत.

"त्याला चालवायचंसुद्धा नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

काका त्या वेळी वाचले. नऊ दिवसांनी घरी आले, खुर्चीवरूनच. आम्हाला वाटलं, सुटलो. तिसऱ्या आठवड्यात श्वास पुन्हा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, हा वायू असाच दोनदा मारतो, बारीक नळ्या आतून बुजतात, त्या उघडत नाहीत. त्यानंतर काकांना विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं.

कारखान्यात चौकशी झाली. मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी कागद होता. त्यात लिहिलं होतं, की सर्व कामगारांना सर्व बारा विषयांचं शिक्षण दिलं होतं, त्यांना ते समजलं होतं, आणि सदर कामगार स्वतःच्या इच्छेनं घरी गेला. इनचार्जनी तो मला मराठीत सांगितला. खाली माझं नाव आणि सहीची जागा. इनचार्ज म्हणाले, तू हुशार आहेस, तुला पुढं न्यायचंय. आवाज मऊ होता. त्यांचीही नोकरी त्या कागदात अडकलेली होती, ते दिसत होतं.

अकरावी स्लाइड कुणाला सांगितलीच नाही, हे मी बोलू शकलो असतो. बोललो तर ते विचारतील असं वाटलं, मग डॉक्टरला का विचारलं नाहीस, तू रांगेत होतास ना? पण त्यांनी ते विचारलं नसतं. ते मी मला विचारत होतो. मी सही केली. सहीचं अक्षर चांगलं आलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. ते अंगणात दोन उशांना टेकून बसले होते. त्यांनी आधी श्वास पुरवून घेतला. मग म्हणाले, "केलीस ती बरी केलीस. माझं काय आता व्हायचं नाय. तुझं पोट हाय." मी म्हणालो, काका, गुरुवारी डॉक्टर समोर होते, मी विचारलं नाही. भीती वाटली. ते म्हणाले, "मला कळलंच होतं ते. तू आलास नि गप बसलास तेव्हाच." आणि तरी त्यांनी तो पेन्सिलीतला अर्थ माझ्याबरोबर बसून लावला होता.

मग त्यांनी डोळे मिटले, पूर्वी आठवायला मिटायचे तसे, आणि म्हणाले, "आता सांग. डॉक्टर काय काय बोलला ते समदं सांग. पयल्यापास्नं."

मी सांगितलं. वायूपासून श्रमांपर्यंत, डॉक्टरांच्याच शब्दांत. मध्ये मला थांबावं लागलं. त्यांनी घाई केली नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "एवडंच होतं?"

"एवढंच."

"मग फोन आल्यावर साहेब दोन मिन्टं थांबला असता तरी झालं असतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, हिशेब लागल्यासारखा आवाज होता. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पन त्याच्या घरी कुनाचं तरी जास्त होतं, रे." आणि श्वास पुरेना म्हणून बोलायचे थांबले. काकी आतून आली, तिनं मला त्यांच्या पाठीमागं बसायला सांगितलं. उशा पुरत नव्हत्या.